भाव पाचांचा, बिल एकाचं

भोसरी एमआयडीसीत गुरुवारी वीजबंदीची सुट्टी असते, त्यामुळे बुधवारी संध्याकाळी लहान गाळ्यांचे मालक पुढच्या आठवड्याच्या मालाला लागतात. तेव्हाच मोबाइलवर निरोप फिरतो : "इन्सर्ट मागवतोय. अजून दोघं हवेत, पाच बॉक्सला भाव उतरतो." अर्ध्या तासात दोघं मिळतात, पैसे एकाच्या खात्यावर जमा होतात आणि ऑर्डर जाते. भाव सगळ्यांनी विचारलेला असतो. बिल कोणाच्या नावाने निघणार, हे मात्र कोणीच विचारलेलं नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते स्पष्ट सांगतो. एकत्र खरेदीत भाव वाटता येतो. बिल, लेबल आणि माल परत करण्याचा हक्क या तीन गोष्टी आपोआप वाटल्या जात नाहीत. त्या ऑर्डरीआधी ठरवाव्या लागतात. न ठरवल्या तर पाच जणांची बचत एकाच्या खिशात जाते किंवा कोणाच्याच हाती लागत नाही.

आकड्यांनी बघू. आकडे नमुन्याचे आहेत, पण हिशेब रोजचा आहे. लेथवर लोखंड कापणारी जी कार्बाइडची टिप असते, ती दहाच्या बॉक्समध्ये येते. समजा, ऑनलाइन विक्रेता एक बॉक्स 2,100 रुपयांना देतो आणि लहान ऑर्डरला पोहोचवण्याचे 250 लावतो. म्हणजे एकट्याला बॉक्स पडला 2,350 ला. पाच बॉक्स घेतले तर तोच बॉक्स 1,850 ला आणि पोहोच फुकट. माणशी 500 रुपये वाचले. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या : या 500 पैकी निम्मे भाव उतरल्याचे आहेत आणि निम्मे नुसत्या भाड्याचे. स्वस्त मालाच्या खरेदीत भाड्याचा वाटा याहूनही मोठा असतो. म्हणून भाव उतरत नसला, तरी एका पार्सलात पाच जणांचा माल मागवणं अनेकदा परवडतं.

आता यावर 18 टक्के जीएसटी लावा. एकट्याने घेतलं असतं तर कराचे 423 रुपये भरावे लागले असते, पण नोंदणी असलेल्या गाळेवाल्याला ते इनपुट क्रेडिट म्हणून परत मिळाले असते. त्याचा खरा खर्च 2,350 च राहिला असता. एकत्र खरेदीत पाच बॉक्सचे 9,250 आणि कर 1,665, मिळून 10,915. माणशी 2,183 रुपये गोळा झाले. बिल मात्र एकाच्या जीएसटी नंबरावर निघालं. उरलेल्या चौघांकडे दाखवायला कागद नाही, म्हणजे त्यांनी भरलेले 333 रुपये गेले ते गेलेच. त्यांचा बॉक्स 2,183 ला पडला. वाचले 167.

आणि ज्याच्या नावावर बिल निघालं, त्याचं काय? त्याने पूर्ण 1,665 चं क्रेडिट घेतलं तर चौघांचे मिळून 1,332 रुपये त्याच्याकडे जमा झाले. त्याच्या मनात काही नसेलही. बहुतेक वेळा नसतंच. त्याचा अकाउंटंट महिनाअखेरीला बिल बघतो आणि क्रेडिट घेऊन टाकतो. पण गटाने मिळून वाचवलेल्या 2,500 रुपयांपैकी 1,832 एकाकडे गेले आणि चौघांना मिळून 668 उरले, हे हिशेबाला नाकारता येत नाही. शिवाय जो माल आपल्या धंद्यात वापरलाच नाही, बिलाशिवाय दुसऱ्याला देऊन टाकला, त्याचं क्रेडिट घेणं कायद्यातही बसत नाही. तपासणी झाली तर नोटीस त्याच्याच दारात येते. म्हणजे चौघांचं नुकसान आणि पाचव्याच्या डोक्यावर टांगती तलवार, असा हा व्यवहार आहे.

यावर दोन सरळ उपाय आहेत. पहिला सगळ्यात चांगला : विक्रेत्याला ऑर्डरीआधी फोन करा आणि म्हणा, "भाव पाच बॉक्सचा, बिलं पाच, पार्सल एक." इंडियामार्टसारख्या जागी विक्रेत्याशी थेट बोलणं होतं आणि पैसेही थेट त्यालाच जातात. तिथे हे मागता येतं. त्याचा माल एकगठ्ठा जात असतो. चार बिलं जास्त काढायला त्याला दहा मिनिटं लागतात. प्रत्येक बिलावर त्या त्या गाळ्याचं नाव आणि जीएसटी नंबर आला की वाद मिटला. बटण दाबून खरेदी करायच्या मोठ्या साइटवर ही सोय सहसा मिळत नाही, कारण तिथे एक खातं म्हणजे एक ऑर्डर आणि एकच बिल. तिथे दुसरा उपाय : ज्याच्या नावावर बिल निघालं, त्याने उरलेल्या चौघांना त्याच भावाने स्वतःचं टॅक्स इनव्हॉइस द्यायचं, 1,850 अधिक 333. तो 1,665 चं क्रेडिट घेईल, चौघांकडून घेतलेले 1,332 सरकारला भरेल आणि त्याच्याकडे त्याचेच 333 उरतील. प्रत्येकाला बॉक्स 1,850 लाच पडेल. तुम्ही चौघांपैकी असाल तर पुढच्या महिन्यात आपल्या GSTR-2B मध्ये ते बिल दिसतंय का, हे बघा. दिसलं नाही तर फोन करायचा, वर्षअखेरची वाट बघायची नाही.

एक सापळा नेहमीचा. ज्याच्या नावाने बिल काढायचं, तो कंपोझिशनमध्ये असेल किंवा त्याची नोंदणीच नसेल, तर क्रेडिट त्याला मिळत नाही आणि पुढे कोणाला देताही येत नाही. मग सगळेच 1,665 बुडाले. "तो रिकामा असतो, त्याच्या नावाने टाक" या विचाराने माणूस निवडू नका.

बिल झालं. आता लेबल.

CNMG 120408 हा आकडा भोसरीतल्या बहुतेक टर्नरना पाठ असतो. शेवटचं 08 म्हणजे टोकाची गोलाई 0.8 मिलिमीटर. 04 असेल तर ती गोलाई 0.4, म्हणजे वेगळी टिप आणि कामाचं वेगळं फिनिशिंग. गटाच्या यादीत एक जण "सीएनएमजी दोन बॉक्स" एवढंच लिहितो, दुसरा "408" लिहितो आणि ऑर्डर करणारा मोघम अंदाज बांधतो. चूक इथेच शिरते. यादीत पूर्ण आकडा, ग्रेड आणि कोणत्या धातूवर काम आहे ते, या तिन्ही गोष्टी प्रत्येकाने स्वतः लिहायच्या. दुसऱ्याच्या वतीने कोणी लिहायचं नाही.

त्यापुढची चूक बॉक्स फोडताना होते. ज्याच्याकडे एकच जुनं लेथ आहे, त्याला महिन्याला दहा टिपा लागत नाहीत. मग तिघांत एक बॉक्स घेतला जातो, टिपा कागदाच्या पुडीत बांधून दिल्या जातात आणि बॉक्स एकाकडे राहतो. त्या बॉक्सच्या लेबलावर सगळी माहिती असते : ग्रेड, कोणत्या धातूसाठी, किती वेग, किती फीड. लेबलावरचे रंगही ठरलेले आहेत : पोलादासाठी निळा, स्टेनलेससाठी पिवळा, बिडासाठी लाल. काही कंपन्या ग्रेड टिपेवरही छापतात. बऱ्याच स्वस्त टिपांवर तो नसतो. पुडीतली टिप हातात घेतली तर बिडाची कोणती आणि पोलादाची कोणती, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही.

मग बिडासाठीची टिप पोलादावर चालवली जाते. पहिले काही जॉब नीट निघतात, म्हणून शंका येत नाही. त्यानंतर टिपेच्या वरच्या बाजूला, धारेच्या मागे एक खळगा पडू लागतो. गरम पोलाद तिथून घासत जातं आणि टिपेचा पदार्थ झिजवत नेतं. भिंग धरलं तर तो खळगा स्पष्ट दिसतो. फिनिशिंग खराब होतं, माप हलतं आणि शेवटी धार बसते. ऑपरेटर म्हणतो, "ऑनलाइनचा माल डुप्लिकेट आहे." माल खरा असतो, लेबल दुसऱ्याच्या कपाटात असतं. उपाय सोपा आहे : बॉक्स फोडण्याआधी लेबलाचा फोटो काढायचा, तो तिघांना पाठवायचा आणि प्रत्येक पुडीवर ग्रेड पेनने लिहायचा.

डुप्लिकेट माल खरोखर असतोच, म्हणून पाच बॉक्सच्या मोहाआधी एक बॉक्स मागवून चालवून बघावा. बघायचं काय, तेही ठरलेलं आहे. CNMG टिपेला चार कॉर्नर असतात, दहा टिपांचे चाळीस. 2,350 च्या बॉक्समध्ये कॉर्नर पडतो 58 रुपये 75 पैशांना, 1,850 च्या बॉक्समध्ये 46 रुपये 25 पैशांना. नेहमीची टिप एका कॉर्नरला 60 जॉब देत असेल, तर जॉबमागे 98 पैसे लागले. स्वस्तातली 40 वर संपत असेल, तर जॉबमागे 1 रुपया 16 पैसे. बॉक्सला 500 रुपये वाचले आणि कामात तोटा झाला. गटात हे आधी एकाने मोजावं आणि आकडा सगळ्यांना द्यावा. एकत्र खरेदीचा खरा फायदा इथे आहे : तपासणी एकाची, माहिती पाचांची.

तिसरी गोष्ट परतीची. ऑनलाइन माल परत द्यायचा किंवा बदलून घ्यायचा तर ते ज्याच्या खात्यावरून ऑर्डर गेली, त्यालाच करता येतं. मुदत मोजक्या दिवसांची असते आणि ती माल पोहोचल्याच्या तारखेपासून सुरू होते, तुम्ही खोका उघडल्यापासून नाही. भोसरीत माल बुधवारी संध्याकाळी आला, गुरुवारी शटर बंद, शुक्रवारी डिस्पॅचची घाई, शनिवारी वाटप, आणि पाचव्या गाळेवाल्याने आपला बॉक्स पुढच्या आठवड्यात उघडला. आत चुकीचा आकार निघाला. तोपर्यंत मुदत गेली, आणि गेली नसली तरी चौघांनी आपले बॉक्स फोडून वापरायला घेतलेले असतात. एकाच ऑर्डरमधला थोडा माल परत घ्यायला विक्रेता खळखळ करतो.

म्हणून खोका आला त्याच दिवशी, सगळे हजर असताना उघडायचा. मोबाइलवर सलग चित्रीकरण करायचं, ज्यात खोक्यावरचा पत्ता, सील आणि आतली लेबलं दिसतील. प्रत्येकाने आपला आकडा तिथेच ताडून घ्यायचा. हे जमत नसेल तर पार्सल त्या दिवशी फोडूच नये. आणि एक गोष्ट आधीच माहीत असावी : धंद्यासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक संरक्षण कायदा सहसा लागू होत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः काम करणाऱ्याला त्यात सूट आहे, पण चार कामगार ठेवणाऱ्या गाळेवाल्याने त्या भरवशावर राहू नये. त्याचं संरक्षण म्हणजे बिल आणि ते चित्रीकरण.

आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या टूलवाल्याचा हिशेबही प्रामाणिकपणे मांडा. तो चुकीची टिप त्याच दिवशी बदलून देतो आणि महिना-दीड महिना उधारी देतो. ऑनलाइनला पैसे आधी मोजावे लागतात. ते पैसे कोणी महिना 3 टक्क्यांनी उचलत असेल, तर 2,183 रुपयांवर दीड महिन्याचं व्याज 98 रुपये होतं. बिल नसलेल्या भिडूचे 167 वाचले होते, त्यातून हे गेले की हातात 69. एवढ्यासाठी टूलवाल्याशी संबंध तोडायचा का, हे ज्याचं त्याने ठरवावं, पण आकडा समोर ठेवून ठरवावं.

गाळ्यातून घराकडे येऊ, कारण इंद्रायणीनगर आणि दिघी रोडच्या सोसायट्यांतही हाच खेळ डाळ-तांदळावर चालतो. इथे कराची बाजू उलटी आहे. 18 जुलै 2022 पासून लेबल लावलेल्या बंद पिशवीतल्या डाळ, तांदूळ आणि पिठावर 5 टक्के जीएसटी आहे, पण तो 25 किलोपर्यंतच्या पिशवीला. म्हणून बाजारात 26 आणि 30 किलोची पोती दिसू लागली. सहा घरांनी मिळून 30 किलोचं पोतं घेतलं तर हा कर लागत नाही. विक्रेता ती पूर्ण सवलत तुम्हाला देतोच असं नाही, म्हणून 5 किलोच्या पिशवीचा आणि पोत्याचा किलोमागचा भाव शेजारी शेजारी लिहून बघा.

पोत्यात गोंधळ होतो तो वजनाचा. पोतं फोडण्याआधी बंद असतानाच वजन करा आणि रिकाम्या पोत्याचं वजन नंतर वजा करा. तूट असेल तर तक्रार त्याच क्षणी. वाटताना हात सढळ असतो. पहिल्या पाच घरांना प्रत्येकी 50 ग्रॅम जास्त गेले की सहाव्या घराला पाव किलो कमी मिळते. जी बाई कामावरून उशिरा येते, ती दर महिन्याला सहावी असते. ही चोरी नाही, पण अन्याय नक्की आहे. त्यावर उपाय म्हणजे सहाही पिशव्या आधी भरून ठेवायच्या, त्या पुन्हा एकदा काट्यावर सारख्या करायच्या आणि मग उचलायला सांगायचं. पोत्यावरच्या पॅकिंगच्या तारखेचा आणि एफएसएसएआय क्रमांकाचा फोटो इथेही लागतो. डाळीला पोरकिडे लागले तर तारीख सांगायला दुसरं काही उरत नाही.

हे शहाणपण नवं नाही. बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं आणि 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारपाजारची कुटुंबं एकत्र येतात, महिन्याची यादी आगाऊ देतात, माल एका ठिकाणी उतरतो आणि सभासद स्वतः तो वाटून घेतात. मोबाइल नव्हता तेव्हापासून ही पद्धत टिकली, कारण तिथे यादी लेखी असते आणि वाटपाचं काम सभासदांच्या अंगावर असतं. आपल्या मोबाइलवरच्या गटात निरोप झटपट फिरतो, पण काम एकाच माणसाच्या गळ्यात पडतं.

त्या माणसाबद्दल बोलल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. तो फोन करतो, पैसे मागतो, उशिरा देणाऱ्याचे स्वतःच्या खिशातून घालतो, पार्सल उतरवून घेतो, वाटतो आणि तक्रारीही ऐकतो. सोसायटीत हे काम बहुतेक वेळा एखाद्या वहिनी करतात आणि सगळे त्यांना नुसतं "थँक्यू" म्हणतात. चीनमध्ये वस्त्यांच्या अशा एकत्र खरेदीत गट चालवणाऱ्याला प्रत्येक ऑर्डरीवर कमिशन मिळतं. आपल्याकडे पैसे मागायचा संकोच असतो, म्हणून माणूस तीन महिन्यांत थकतो आणि गट मोडतो. काही ठिकाणी तो थकत नाही, पण भावात गुपचूप दहा-वीस रुपये मिळवतो, आणि कळलं की कायमचं बिनसतं. दोन्हीपेक्षा उघड मेहनताना बरा. पाच बॉक्सच्या ऑर्डरीवर माणशी 40 रुपये त्याचे, असं यादीतच लिहा. दोनशे रुपयांत कोणी श्रीमंत होत नाही, पण कामाला किंमत आहे हे मान्य होतं आणि चूक झाली तर जाब विचारण्याचा हक्कही मिळतो.

तेव्हा पुढच्या बुधवारी निरोप आला की लगेच "माझा एक" लिहू नका. आधी चार प्रश्न विचारा : बिलं किती निघणार, आकडा आणि ग्रेड कोणी लिहिला, खोका कोणत्या दिवशी सगळ्यांसमोर उघडणार, आणि हे सगळं करणाऱ्याला काय मिळणार. उत्तरं मिळाली की त्याचा मेहनताना, बुडणारा कर आणि पैशाचं व्याज बचतीतून वजा करा. आपल्या पाच बॉक्समध्ये बिल नावावर असेल तर 500 मधून 40 जाऊन 460 उरतात : खुशाल सामील व्हा. बिल नसेल तर 167 मधून 40 गेले की 127, आणि पैसे व्याजाचे असतील तर 29. एकोणतीस रुपयांसाठी टूलवाल्याची उधारी सोडू नका आणि शेजाऱ्याशी भांडणही ओढवून घेऊ नका.